बसण्याच्या जागेचं दुखणं

माझं लग्न होऊन मी मालवणच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका वाडीत आले तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता. रत्नागिरी जिल्ह्याचंच ते खालचं टोक, आणि त्याच्याही खाली गोव्यात अजून पोर्तुगीज होते. माझं माहेर सावंतवाडीचं. तिथेच शिकले, मास्तरकीची परीक्षा दिली आणि सासरच्या गावाजवळच्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. नवरा मुंबईच्या गोदीत कारकून. वर्षातून दोनदा यायचा, मे महिन्यात आणि चतुर्थीला. घरात मी आणि सासूबाई, दोघीच. भाताची थोडी जमीन, माडांची एक रांग आणि एक गाय.

दुखणं सुरू झालं ते शिमग्याच्या आसपास. आधी वाटलं शाळेतल्या लाकडी खुर्चीचा खिळा टोचला असेल. मागच्या बाजूला, डावीकडे, शौचाच्या जागेला अगदी लागून एक टणक गाठ हाताला लागली. पहिल्या दिवशी सुपारीएवढी होती. नंतर ती वाढली आणि तिच्यात ठोके पडू लागले, नाडीसारखे. खोकला आला तरी कळ मस्तकात जायची. परसाकडे जायला लागू नये म्हणून मी जेवणच कमी केलं.

हे सगळं मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या शब्दांत? हाताला लागलं, पायाला लागलं, पोट दुखतंय, याला शब्द आहेत. या जागेला आमच्याकडे शब्दच नव्हता. जो होता तो शिवीत वापरायचे.

वर्गात मी उभ्यानेच शिकवायला लागले. घरी चुलीपुढे बसायच्या ऐवजी गुडघ्यांवर राहून भाकऱ्या थापायचे. सासूबाईंच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं.

"मांडी घालूक येना नाय काय गो?" त्यांनी एका सकाळी विचारलं.

"कंबर दुखता, आये."

"कंबर? मगे तेल लावून शेकतंय. झोप हय."

मी झोपले नाही. नको नको म्हणत राहिले. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, आणि कमरेच्या दुखण्याला एवढा ताप येत नाही हे त्यांना कळलं. त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "खंय दुखता ता माका दाखव. घरात कोण नाय."

मी भिंतीकडे तोंड केलं आणि लुगडं बाजूला सारलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसाने तिथे पाहिलं. सासूबाईंनी गाठीभोवती हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "केसतूड आसा. पिकाक लागला हा."

त्यांनी अळशी वाटून, शिजवून गरम पोटीस बांधलं. दोन दिवस बांधत राहिल्या. गाठ मऊ पडायच्या ऐवजी लालभडक झाली, कातडी ताणून चकाकू लागली, आणि तापात मी काहीबाही बडबडायला लागले. तेव्हा त्यांनी शेजारच्यांची बैलगाडी मागितली, त्यात पेंढा पसरला आणि मला पालथं झोपवून मालवणच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ओळखीची माणसं विचारत होती, काय झालं मास्तरणीला. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "ताप. डोक्यात चढलो."

मालवणचे डॉक्टर वयस्कर होते. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते पाहुणे म्हणून यायचे, मीच त्यांना हार घातला होता. आता त्यांच्यापुढे मी कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. त्यांनी बोट लावलं आणि मी किंचाळले.

"आत बराच पू आहे," ते सासूबाईंना म्हणाले, माझ्याशी नाही. "कापायलाच हवं. बधिर करायचं इंजेक्शन देतो, पण अशा सुजलेल्या जागी ते नीट चढत नाही. थोडं सोसावं लागेल."

थोडं नव्हतं. पण सुरी लागली आणि क्षणातच आतून काहीतरी सुटलं. खोलीभर असा वास पसरला की डॉक्टरांच्या कंपाउंडरने खिडकी उघडली. त्या वासाची मला जेवढी लाज वाटली तेवढी सुरीची भीती वाटली नव्हती. हे माझ्या अंगातून निघालं होतं. मी, जी रोज मुलांची नखं तपासायची, हात धुवून डबा खा म्हणायची.

आणि तरीही, त्या लाजेच्या मध्यावरच, दुखणं थांबलं. इतक्या दिवसांचा ठोका बंद पडला. जखमेत कापडाची वात भरून डॉक्टरांनी पेनिसिलिन टोचलं, आणि परतीच्या वाटेवर गाडीत पेंढ्यावर मला गाढ झोप लागली.

जखम भरली. मे महिन्यात नवरा आला तेव्हा मी मांडी घालून त्याच्यासाठी फणस कापत होते. त्याला मी सांगितलं, गळू झालं होतं. कुठे ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पावसाळ्यात ते पुन्हा आलं. त्याच जागी, त्याच वणाखाली. या वेळी तेवढं मोठं व्हायच्या आतच फुटलं, आणि फुटलं ते शाळेत. मी फळ्यावर बेरीज लिहीत होते. मागे ओल जाणवली. मी पाठ भिंतीला लावली आणि सुट्टी होईपर्यंत तशीच उभी राहिले. मुलं गेल्यावर छत्री मागे धरून घरी चालत आले. त्या दिवशी पाऊस नसता तर काय केलं असतं कोण जाणे.

त्यानंतर ते पूर्ण भरलंच नाही. मटाराच्या दाण्याएवढं एक तोंड राहिलं आणि त्यातून थोडं थोडं झिरपत राहायचं, कधी पाण्यासारखं, कधी पू, कधी रक्ताची छटा. चार-आठ दिवस ते बंद व्हायचं. मला वाटायचं, सुटले. मग आत ठणका सुरू व्हायचा, वाढत जायचा, आणि तोंड पुन्हा उघडलं की उतरायचा. मी जुन्या लुगड्याच्या घड्या करून बांधायचे, विहिरीवर कुणी नसताना धुवायचे, आणि गोठ्यामागे वाळत घालायचे.

डॉक्टरांकडे परत का गेले नाही असं कुणीही विचारेल. मी स्वतःला सांगायचे, शाळेला सुट्टी मिळणार नाही. खरं कारण वेगळं होतं. पुन्हा त्यांच्यापुढे तसं पडायचं नव्हतं. आणि माझी खात्री झाली होती की हे माझ्याच कसल्यातरी अस्वच्छपणामुळे होतंय. मी दिवसातून तीनदा धुवायला लागले. कडुलिंबाच्या पाण्याने, मिठाच्या पाण्याने, एकदा तर कपड्याच्या साबणाने. आग व्हायची. आग झाली की वाटायचं, बरोबर आहे, अशीच व्हायला हवी.

गोठ्यामागच्या घड्या एके दिवशी सासूबाईंना दिसल्या. त्यांवर फिकट लाल डाग होते. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "भायर बसलंस आणि माका सांगलंस नाय? चुलीक शिवलंस मगे."

म्हणजे त्यांना वाटलं, मला कावळा शिवलाय. विटाळ आहे, आणि तो लपवून मी स्वयंपाकघरात वावरतेय. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं एक वाक्य होतं. ते मी बोलले नाही. त्या एकदा माझ्यापाशी बसून, पोटीस बांधून सगळं निस्तरून मोकळ्या झाल्या होत्या. ते दुखणं पुन्हा आलंय, तिथून रोज घाण येतेय, आणि त्याच अंगाने मी तुमच्या चुलीवर भात शिजवतेय, हे सांगण्यापेक्षा विटाळ बरा वाटला. विटाळ निदान सगळ्या बायकांना असतो.

"होय आये," मी म्हटलं. "चुकलंय."

मग मी मागल्या पडवीत बसले. चार दिवसांनी न्हाऊन घरात आले. पण झिरपणं थांबलं नव्हतं. पुढच्या पंधरवड्यात त्यांना पुन्हा घड्या दिसल्या, आणि पुन्हा मी पडवीत. असं करत करत महिन्यातले निम्मे दिवस मी बाहेर बसू लागले. ताट दुरून सरकवलेलं. देवघराच्या दिशेने पाहायचं नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना काळजी लागली होती. अशोकाच्या सालीचा काढा करून द्यायच्या. गावदेवीला नवस बोलल्या. शेजारणीला हळूच सांगितलेलं माझ्या कानावर आलं, "पोराक सांगूक व्हया. बायलेच्या पोटात कायतरी आसा. हिका मूल रवाचा नाय."

मी ऐकलं आणि गप्प राहिले. खोटं एकदा पांघरलं की ते काढताना आणखी उघडं पडायला होतं.

चतुर्थीला नवरा आला. आमच्याकडे गणपती म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घर सारवलेलं, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला कवंडळाची फळं आणि आंब्याचे टाळे बांधलेले, पहाटेपासून नारळ फोडल्याचा आवाज. आणि घरची एकुलती सून मागल्या पडवीत गोणपाटावर. मोदक वळायला शेजारच्या दोघी आल्या होत्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी गळवाचं तोंड बंद झालं आणि आत ठणका सुरू झाला. मी ओळखलं. घरात आरती चालली होती, झांजा वाजत होत्या, आणि प्रत्येक झांजेबरोबर माझ्या अंगात कळ जात होती. थंडी भरली. नवरा आरतीचं ताट घेऊन पडवीच्या दारापर्यंत आला, मला लांबून दाखवायला, आणि त्याला मी पालथी पडलेली, दात वाजत असलेली दिसले. त्याने ताट खाली ठेवलं आणि सरळ आत आला.

"शिवू नको," मी म्हटलं.

"गप रव," तो म्हणाला, आणि माझं अंग चाचपून पाहिलं. "किती ताप आसा! काय जाला तुका?"

तो काही रागावला नव्हता, त्याचा आवाज नेहमीचाच होता. कदाचित म्हणूनच असेल, मी सांगून टाकलं. उशीत तोंड खुपसून, एका दमात. कुठे होतंय, केव्हापासून, कसं झिरपतं, मध्येच बंद होऊन कसं सुजतं. विटाळ नव्हता हेही.

त्याने हात मागे घेतला. मला वाटलं, आता उठून जाईल.

"ह्यां भगंदर," तो म्हणाला. "आमच्या खोलीत एक देवगडचो आसा, त्येका होता. दोन वर्सां उशी घेऊन बसायचो. मुंबईत कापून काढल्यानी, आता बरो आसा."

भगंदर. या गोष्टीला नाव होतं. दुसऱ्या कुणालातरी ती होती, आणि त्याबद्दल एका खोलीत राहणारे पुरुष आपसात बोलू शकत होते. मला रडू आलं ते दुखण्याने नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही.

"विटाळ नव्हतो?" त्यांनी विचारलं.

"नाय, आये."

"आणि तू माका 'होय' म्हटलंस."

"होय."

मला वाटलं, देवाच्या दिवसांत खोटं बोलले म्हणून त्या माझ्यावर तुटून पडतील. त्या दाराची चौकट धरून खाली बसल्या. "मिया तुका गणपतीच्या दिसात भायर बसवलंय," त्या म्हणाल्या. "तापान फणफणत होतंस आणि मिया लांबसून ताट सरकवलंय." मग उठून आत गेल्या. आम्ही तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

मालवणच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा कापलं. पू निघाला, ठणका थांबला, ताप उतरला. मग हात धुता धुता, या वेळी माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बाई, मी हे आणखी दहा वेळा कापीन आणि दहा वेळा तुम्हाला बरं वाटेल. पण ते परत येईल. पू काढणं माझ्या हातात आहे, त्याचं मूळ आत आहे. तिथे चुकीचं कापलं तर जन्माचं नुकसान होतं, म्हणून मी हात घालणार नाही. कोल्हापूरला जा. माझ्या ओळखीचे सर्जन आहेत."

नवऱ्याने रजा वाढवून घेतली. कणकवलीहून फोंडा घाटातून जाणारी एसटी. त्या वळणांवर मी सीटवर गुडघे टेकून, मागच्या दांडीला धरून, मागे तोंड करून होते. लोकांना वाटलं गाडी लागते. नवऱ्याने तसंच सांगितलं.

कोल्हापूरच्या इस्पितळात तपासणीच्या वेळी सर्जनसाहेबांबरोबर शिकाऊ डॉक्टर होते. चार-पाच तरुण मुलगे. मला कुशीवर वळवलं, वरची चादर सरकवली, आणि साहेब त्यांना दाखवू लागले, हे बाहेरचं छिद्र, डावीकडे मागे, इथे दाबलं की पू येतो, कातडीखाली दोरीसारखं लागतं ते बघा. एकेकाने बोट लावून पाहिलं. त्यातल्या एखाद्याचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात शोभला असता. मी चादरीचं टोक तोंडात धरलं. साहेब निर्दय नव्हते, आवाज मऊ होता, पण त्या वेळी त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं. ते त्यांच्या कामाच्या जागेकडे बघत होते.

सगळे गेल्यावर नर्सने मला झाकलं. ती वेंगुर्ल्याकडची निघाली. "रडू नको गो," ती म्हणाली. "हय येणारे सगळे असलेच. मोठे मोठे वकील येतत."

क्षयाने असं होतं का याची शंका साहेबांना होती, म्हणून छातीचा फोटो काढला. दोन दिवस त्या फोटोची वाट बघताना मी ठरवून टाकलं की क्षयच असणार, शाळा सुटणार, नवरा दुसरं लग्न करणार. फोटो स्वच्छ आला. तरी कापलेल्यातला तुकडा तपासायला पाठवू, असं ते म्हणाले.

मग ते संध्याकाळी एकटेच आले. नवरा शेजारी होता. त्यांनी स्टूल ओढलं. मी शिक्षिका आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, कारण ते मलाच समजावू लागले. त्यांनी डाव्या हाताची मूठ सैल वळली आणि उजव्या हाताचं बोट त्यात घातलं.

"ही मूठ म्हणजे शौचाचं द्वार. याला स्नायूंची दोन कडी आहेत, एकात एक. आतलं आपोआप मिटलेलं राहतं, बाहेरचं आपण आवळतो. आता आत साधारण दीड पेरावर एक रेषा असते, जिथे बाहेरची कातडी संपते आणि आतड्याचं अस्तर सुरू होतं. त्या रेषेवर बारीक बारीक खोबणी असतात, आणि त्या खोबणींत उघडणाऱ्या छोट्या ग्रंथी. सगळ्यांनाच असतात. त्यांची मुळं या दोन कड्यांच्या मधल्या फटीत गेलेली असतात. एखाद्या ग्रंथीचं तोंड बुजलं की तिच्यात जंतू अडकतात, पू होतो. तो त्या फटीतून खाली उतरतो आणि कातडीखाली येऊन साठतो. ते तुमचं गळू."

"पण ते तर कापलं होतं," मी म्हटलं. "दोनदा."

"कापलं ते बाहेरून. पू गेला. पुष्कळांचं तेवढ्यावर संपतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं. तुमचं संपलं नाही, कारण आतलं तोंड उघडं राहिलं. आता एक नळी झाली आहे. एक टोक आत, त्या ग्रंथीपाशी. दुसरं बाहेर, कातडीवर. आतल्या टोकातून रोज घाण शिरते, त्यामुळे नळी कधी सुकत नाही. बाहेरचं टोक मिटलं की पू कोंडतो, पुन्हा गळू. बाहेर कितीही वेळा कापा."

"आणि पेनिसिलिन?"

"ताप उतरवील. नळी बुजवणार नाही."

मला आणखी एक विचारायचं होतं. ते विचारायला फार वेळ लागला. "हे स्वच्छता न ठेवल्याने होतं का?"

ते मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही काय करत होतात?"

मी साबणाचं सांगितलं.

"ते बंद करा," ते म्हणाले. "कातडी उगाच सोलली आहे तुम्ही."

मग त्यांनी धोक्याचंही सांगितलं. नळी कड्यांच्या खालच्या भागातून गेली असेल तर ती पूर्ण उघडी करता येते. पण बऱ्याच वरून गेली असेल आणि तेवढा स्नायू एकदम कापला, तर पुढे शौच धरून ठेवता येणार नाही. तसं असेल तर ते कापणार नाहीत, नळीत दोरा ओवून ठेवतील आणि सावकाश बघतील. कोणती आहे ते टेबलावरच कळेल.

पाठीत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं. मी जागी होते, पाय वर टांगलेले, मध्ये पडदा. नळीतून बारीक सळई घालताना साहेबांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "वळतेय... सरळ नाही जात... मधे, मागे..." आणि मग, "हं, सापडलं." बाहेरचं तोंड डावीकडे होतं, पण नळी वळून आत मागच्या बाजूला बरोबर मधोमध उघडत होती. सळईवर त्यांनी ती वाट पूर्ण उघडी केली. पडद्याच्या वरून डोकावून म्हणाले, "खालची आहे. स्नायू थोडाच गेला. निर्धास्त राहा."

बधिरपणा उतरल्यावर काय झालं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी नर्सने पट्टी सोडली तेव्हा मी विचारलं, टाके कधी काढणार? ती म्हणाली, टाके घातलेच नाहीत. जखम मोठी चिरल्यासारखी उघडी ठेवली होती. शिवली असती तर वरून मिटून आत पुन्हा साठलं असतं. ती तळापासून वर भरत यायला हवी. लाल औषधाच्या कोमट पाण्याच्या टबात सकाळ-संध्याकाळ आणि प्रत्येक वेळी शौचानंतर बसायचं. पहिल्या शौचाच्या वेळी मी दार धरून ओरडले आणि बाहेर उभ्या नवऱ्याला हाक मारली, आणि मग हाक मारल्याची लाज वाटली.

तुकड्याचा निकालही चांगला आला. पण घरी जायच्या वेळी कळलं की रोज पट्टी बदलायला कुणीतरी हवं. कातडी वरून आधी चिकटू द्यायची नाही, कडा हळूच वेगळ्या करून तळाशी कापड ठेवायचं. मला स्वतःला ते दिसणारं नव्हतं. नवऱ्याची रजा संपत होती. मला घरी पोचवून मुंबईला निघण्याआधी त्याने सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी पाणी उकळून कोमट केलं, घंगाळात ओतलं, मला त्यात बसवलं. मग आतल्या खोलीत चटईवर घेतलं. हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "आये, तुमका ह्या करूक लागता..."

"हलू नको," त्या म्हणाल्या.

त्यांचा हात हलका होता. पण पहिले काही दिवस पट्टी झाली की त्या विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायच्या आणि मगच देवघरात जायच्या. मला आतून ते पाणी ओतल्याचा आवाज यायचा. त्यात माझ्याविषयी काही नव्हतं, त्यांची सवय होती. मला ते कळत होतं. तरी प्रत्येक बादलीगणिक मी अंग आक्रसून घ्यायचे. पुढे थंडी वाढली, त्यांना खोकला झाला, आणि त्या नुसते हातपाय धुऊ लागल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "देवाक म्हायती आसा मिया काय करतंय ता."

वाडीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालंय. एक शेजारीण समाचाराला आली, कुठे कापलं ते दाखव म्हणाली. सासूबाई तिला म्हणाल्या, "तां उघडूचा नाय म्हणान सांगल्यान डाक्टरान. वारो लागता." एवढ्या सहज खोटं बोलताना मी त्यांना पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

सुरुवातीला वारा सरला तर मला थोपवता येत नसे. साहेबांनी सांगितलेला धोका तो हाच, असं वाटून मी हादरले. आवळून धरायचा व्यायाम त्यांनी दिला होता, तो मी निजल्या जागी करत राहिले. काही आठवड्यांत ते सुधारलं. सगळं नाही. आजही जुलाब झाले तर मी घराबाहेर पडत नाही.

जखम भरायला दोन महिन्यांहून जास्त लागले. रोज सासूबाई सांगायच्या, आज बोटाचं पेर मावतं, आज अर्धं. एके दिवशी त्या बराच वेळ बघत राहिल्या, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कापड ठेवूक जागा नाय." मी लुगडं सारखं केलं. त्या उरलेल्या पट्ट्या गोळा करून जाळायला घेऊन गेल्या. त्या विषयावर आम्ही नंतर कधीही बोललो नाही. त्यांनी पुढची वीस-बावीस वर्षं माझ्याच घरात काढली. माझी मुलगी त्यांच्याच मांडीवर वाढली.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशनआधी एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "आजी, याआधी कुठलं ऑपरेशन?" शेजारी मुलगी बसली होती. मी "नाही" म्हटलं. मुलगी लगेच म्हणाली, "असं कसं, आई, तुझ्या मणक्याचं झालं होतं ना? आजी सांगायची."

डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मणक्याचं काय झालं होतं, केव्हा, कुठे, ती विचारू लागली. मी मुलीला सांगितलं, बाहेर जाऊन जरा पाणी घेऊन ये. ती गेली. मग मी त्या पोरीएवढ्या डॉक्टरणीला खरं काय ते सांगितलं, हळू आवाजात, दाराकडे बघत. तिने ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला मात्र पुढचे दोन-तीन प्रश्न ऐकूच आले नाहीत. कान तापले होते.

मुलगी पाणी घेऊन आली. "काय विचारत होत्या?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि पाणी प्याले.